सल्लागाराचे तास आणि आपला काटा



म्हसवड गटातल्या सभासदांनी विचारलेला एक प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला आहे. प्रश्न साधाच होता. "कारखाना संगणकवाल्या सल्लागाराला तासावर पैसं देतो म्हणं. मग घड्याळ कोण बघतंय?" त्यावर थोडे हसू झाले आणि पुढचा विषय निघाला. आमच्या मते हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उसाच्या वजनात दहा-वीस किलोचा फरक दिसला तर आपण काट्यावर गाडी अडवून धरतो. तासाच्या बिलातही एक काटा असतोच, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही.

तासावर काम ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नव्हे. बांध सपाट करायला जे.सी.बी. बोलावली की सुरुवातीचे मीटर आपण स्वतः वाचतो, शेवटचे वाचतो आणि वजाबाकी करून पैसे देतो. त्या मीटरवरचा शेवटचा आकडा तासाचा दहावा भाग दाखवतो, म्हणजे ६ मिनिटे. मीटर २.५ ने पुढे गेले तर काम अडीच तासांचे झाले, दोन तास पाच मिनिटांचे नव्हे, हे आता शेंबडे पोरही सांगेल. कचेरीतल्या कागदावर मात्र हाच घोटाळा सर्रास होतो. सल्लागाराने १ तास २० मिनिटे काम केले आणि कारकुनाने ते '१.२०' असे लिहून दराने गुणले, तर तासाला १,८०० रुपये दराने २,१६० रुपये होतात. खरा हिशेब २,४०० चा आहे, कारण २० मिनिटे म्हणजे तासाचा तिसरा हिस्सा. इथे सल्लागाराचा तोटा झाला, म्हणून तो ओरडेल आणि चूक सापडेल. पण १० मिनिटांची नोंद '१०' ऐवजी '.१०' लिहिण्यापासून बेरीज चुकण्यापर्यंत अशा अनेक चुका असतात, आणि ज्याला फायदा होतो तो गप्प बसतो.

संगणकावर हिशेब केला म्हणजे तो बरोबरच, असेही कुणी समजू नये. तक्त्यात १:२० असे लिहिले की संगणक ते दिवसाचा अंश म्हणून साठवतो. म्हणून पैसे काढताना आधी २४ ने गुणावे लागते.

```
=B2*24*1800
```

हे २४ विसरले तर रक्कम इतकी लहान येते की चूक लगेच लक्षात येते. फसवी गोष्ट बेरजेची आहे. महिन्याचे तास २७:३० झाले, तर रकाना साध्या घड्याळाच्या पद्धतीत असल्यास तिथे ३:३० दिसते. अख्खा एक दिवस गिळला जातो. त्या रकान्याला `[h]:mm` अशी मांडणी दिली की पूर्ण तास दिसतात.

आता मुख्य मुद्दा, मिनिटे पूर्णांकात धरण्याचा. आकडे आम्ही समजायला सोपे घेतले आहेत. दर तासाला १,८०० रुपये, म्हणजे मिनिटाला ३० रुपये. काट्याचा संगणक अडला म्हणून एका दिवसात सल्लागाराने पाच वेळा काम केले: ४ मिनिटे फोन, १२ मिनिटे फोन, ७ मिनिटे फोन, मग ३५ मिनिटे आणि शेवटी २२ मिनिटे दुरुस्ती. एकूण ८० मिनिटे, रक्कम २,४०० रुपये.

पण करारात 'प्रत्येक नोंद पुढच्या पाव तासात धरली जाईल' असे वाक्य असेल, तर हेच काम १५, १५, १५, ४५ आणि ३० मिनिटांचे होते. बेरीज पुरी दोन तास, रक्कम ३,६०० रुपये. तोच पाव तास, पण दिवसाची बेरीज करून एकदाच पुढे धरला, तर ९० मिनिटे आणि २,७०० रुपये. उलट 'प्रत्येक नोंद जवळच्या पाव तासात' असा नियम असेल तर ४ आणि ७ मिनिटांचे फोन शून्य होतात, १२ चे १५, ३५ चे ३० आणि २२ चे १५ होतात. बेरीज एक तास, रक्कम १,८००. काम तेच, माणूस तोच, दर तोच, आणि बिल १,८०० पासून ३,६०० पर्यंत कुठेही. दरावरून घासाघीस करणाऱ्या आमच्या मंडळींनी हे ध्यानात घ्यावे, की दरात शंभर रुपये कमी करून घेतले आणि हे एक वाक्य न वाचता सही केली, तर त्या शंभराचे काही मोल राहत नाही.

पुढच्या पाव तासात धरताना प्रत्येक नोंदीमागे सरासरी ७ मिनिटे वाढतात. कधी १४, कधी शून्य, मध्यावर ७. म्हणजे वाढ किती होणार हे कामाच्या तासांवर नाही, नोंदींच्या संख्येवर ठरते. महिन्यात ५४ नोंदी असतील तर अंदाजे ३७८ मिनिटे, म्हणजे सव्वासहा तास नुसत्या पूर्णांकातच गेले. बिल हाती आले की आधी नोंदी मोजाव्यात, सातने गुणावे, आणि मग बाकीचे बघावे.

इथेच तासांच्या कमाल मर्यादेची गंमत आहे. संचालक मंडळ सांगते, चिंता नको, आपण महिन्याला कमाल २० तासांची मर्यादा घातली आहे, ३६,००० च्या वर एक पैसा जाणार नाही. ठीक आहे. समजा, सल्लागाराने महिन्यात खरोखर १५ तास ४० मिनिटे काम केले. मिनिटाच्या हिशेबाने २८,२०० रुपये झाले. पण ५४ नोंदी पाव तासात धरल्यावर ते २२ तास झाले. बिलावर येते: '२२ तास, करारानुसार आकारणी २० तास, २ तास विनामूल्य.' वाचणाऱ्याला वाटते की माणूस उदार आहे, दोन तास सोडून दिले! प्रत्यक्षात न केलेल्या कामाचे ७,८०० रुपये गेलेले असतात आणि मर्यादेनेच ते झाकलेले असतात. दर महिन्याला असे झाले तर वर्षाचे ९३,६०० होतात. कारखान्याच्या उलाढालीत ही रक्कम चिमूटभर आहे हे आम्हाला मान्य आहे. पण ऊस बिलातून पाच-पाच रुपयांच्या कपाती सोसणाऱ्या सभासदाला ती चिमूट म्हणून सांगायला कुणी जाऊ नये.

बिलात असे काही आहे का, हे ओळखायला हिशेबनीस असावे लागत नाही. सगळ्या नोंदी १५, ३०, ४५ आणि ६० वरच संपत असतील तर मूळ मिनिटे कुठे तरी पुसली गेली आहेत. सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ नसेल तर ती मागावी. महिन्यामागून महिना बेरीज बरोबर २० तासांशीच येऊन थांबत असेल, तर मर्यादा ही मर्यादा न राहता ठरलेला पगार झाली आहे. आणि सल्लागार प्रत्यक्ष आल्याची नोंद असेल तर ती फाटकावरच्या आवक-जावक वहीशी ताडून पाहावी. रथाच्या दिवशी अर्धे म्हसवड सिद्धनाथाच्या दारात असते. त्या दिवशी कचेरीत तीन तास बैठक झाली असे कागद म्हणाला, तर वही काय म्हणते ते विचारायला हरकत कसली?

सल्लागाराची बाजूही आहे आणि ती खोटी नाही. रात्री दोनला काटा बंद पडतो, गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत जाते, आणि झोपेतून उठून केलेल्या चार मिनिटांच्या फोनचे १२० रुपये देऊ, असे आपण म्हणू लागलो तर तो फोन उचलणार नाही. त्यासाठी आमचे म्हणणे असे की रात्रीच्या हाकेला किमान अर्ध्या तासाचे पैसे द्यावेत, पण ते उघडपणे, वेगळ्या ओळीत. दिवसाच्या कामाला मात्र प्रत्येक कामाची सुरुवात आणि शेवट लिहावा, दिवसाची बेरीज करावी आणि ती एकदाच पुढच्या ६ मिनिटांत धरावी, अगदी जे.सी.बी.च्या मीटरसारखी. वरच्या ८० मिनिटांचे ८४ होतील, २,५२० रुपये. दिवसाला ५ मिनिटांपेक्षा जास्त वाढ होऊच शकत नाही. महिन्यात १८ दिवस काम झाले तर सरासरीने पाऊण तास वाढेल, आणि २८,२०० चे बिल साडेएकोणतीस हजारांच्या आसपास जाईल. एवढे सल्लागाराला सुखाने द्यावे.

मर्यादेचे शब्दही नीट हवेत. करारात नुसते 'महिना २० तास' लिहिले तर आपण ते कमाल समजतो आणि सल्लागार किमान समजतो. एका शब्दाची ही चूक काम झाले नाही त्या महिन्याचेही ३६,००० मागते. मर्यादा तासांत घालून भागत नाही, ती रुपयांतही हवी, कारण पुढे थोरल्या सल्लागाराचा दर वेगळा आणि त्याच्या मदतनिसाचा वेगळा असे निघते. ती जी.एस.टी. सोडून की धरून, हेही लिहावे. अशा सल्ल्यावर १८ टक्के कर लागतो, म्हणजे ३६,००० चे ४२,४८० होतात. बिलात कर वेगळा दाखवला असेल तर उगमकर कपात मूळ ३६,००० वरच करायची असते, एकूण रकमेवर नाही.

आणि हंगामात १८ तारखेलाच २० तास संपले तर? काटा तर बंद ठेवता येत नाही. म्हणून १६ तास झाले की सल्लागाराने लेखी कळवावे, आणि पुढच्या तासांना कार्यकारी संचालकांची आगाऊ सही असावी. सही नंतर मिळाली तर ते तास बिलात धरू नयेत. न वापरलेले तास पुढच्या महिन्यात जातात की बुडतात, हेही त्याच कलमात यावे. गाळप संपल्यावर उन्हाळ्यात काम थोडे असते, तेव्हा याला महत्त्व येते.

सभासदाने हे पाहायचे कुठे? सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ प्रमाणे पोटनियम, ताळेबंद, सभांची इतिवृत्ते आणि आपल्या स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी सभासदाला पाहता येतात. सल्लागाराच्या बिलांचा गठ्ठा त्यात बसत नाही. म्हणून आमची मागणी एवढीच, की संचालक मंडळ सल्लागार नेमण्याचा ठराव करील तेव्हा दर, मिनिटे धरण्याचा नियम आणि तासांची मर्यादा ठरावाच्याच मजकुरात लिहावी, 'करारातील अटीप्रमाणे' असे म्हणून सोडू नये. मग इतिवृत्त वाचणाऱ्या कोणत्याही सभासदाला नियम कळेल आणि वार्षिक सभेत बिलाबद्दल नेमका प्रश्न विचारता येईल. येत्या हंगामाआधी संगणकाच्या कामाचा करार नव्याने व्हायचा आहे. म्हसवड गटाच्या वतीने हा मजकूर आम्ही मंडळाकडे लेखी पाठवला आहे.