सरासरी, मध्यक आणि कमाल

माहुलच्या जेट्टीकडे रोज तासभर झपाझप चालणाऱ्या कुणाच्याही मनगटी घड्याळातली नाडीची नोंद घ्या. बरीच घड्याळं चालण्याचा व्यायाम सुरू केला की दर सेकंदाला आकडा टिपतात, एरवी मात्र काही मिनिटांनी एकदा. समजा, आठ तास झोपेत नाडी ६०, पंधरा तास ७६ आणि चालताना १२०. एरवी दर पाच मिनिटांनी नोंद. म्हणजे तेवीस तासांचे २७६ आकडे आणि एका तासाचे ३,६००! सगळे सरसकट धरले तर सरासरी ११६ येते, आणि भरवशाचा म्हणून नावाजलेला मध्यक थेट १२०. प्रत्येक आकड्याला त्याने व्यापलेल्या वेळेइतकं वजन दिलं की सरासरी ७२.५ आणि मध्यक ७६ होतो. कमाल आकडा तर सर्वांत बेभरवशाचा: पट्टा सैल असला की घड्याळ कधीकधी नाडीऐवजी पावलांचा ठेका मोजतं आणि भलताच आकडा दाखवतं. (हाच आकडा लोक कौतुकाने इतरांना दाखवतात.) यावर कुणी म्हणेल, मध्यक अर्ध्या तासाची खरी धडधडही गिळून टाकतो. बरोबर आहे, पण चोवीस तासांत अर्धा तास पसरला की सरासरीही दोन-तीन ठोक्यांहून फारशी हलत नाही. म्हणून वेळेनुसार तोललेला मध्यक झोपेचा वेगळा आणि जागेपणीचा वेगळा काढावा, शेजारी नाडी शंभराच्या वर किती मिनिटं होती ते लिहावं, आणि किमान मिनिटभर न टिकलेली कमाल खोडून टाकावी.