पांढऱ्याचं ऑम्लेट मऊ राहतं ते आचेमुळे

नुसत्या पांढऱ्या बलकाचं ऑम्लेट चामट होतं, त्याचा दोष तेल कमी पडण्याला दिला जातो. खरा दोष आचेचा आहे. पांढऱ्यात नव्वद टक्के पाणीच असतं. त्यातलं प्रथिन साठ अंशांच्या पुढे धरू लागतं, ऐंशीच्या पुढे आवळतं आणि पाणी पिळून बाहेर टाकतं. म्हणून तीन अंड्यांचं पांढरं, चमचाभर दूध आणि चिमूटभर मीठ फेस न आणता हलवा, मंद आचेवर ओता आणि झाकण ठेवा. वर ओलसर चकाकी असली, पण काही वाहत नसलं, की गॅस बंद करून दुमडा. उरलेलं काम तव्याची ऊब करते. तेलाशिवाय चिकटतं, हा आक्षेप लोखंडी तव्यापुरता खराच; तिथे अर्धा चमचा तेल हवंच, नॉनस्टिकला पुसलेलं पुरतं. सारणाला पावसाळ्यात कर्जत-खालापूरकडे मिळणारा कोवळा टाकळा उत्तम, पण कांदा-लसणीबरोबर आधी कोरडा परतलेला. कच्चा घातलात तर तो पाणी सोडतो, आणि ते आटवायला आच वाढवली की पांढरं पुन्हा रबरासारखं होतं. कडा तपकिरी झाल्या, तर उशीर झाला समजा.