सव्वीस की सिक्स्टी टू?

सातारा एमआयडीसी असो किंवा सांगलीजवळची कुपवाड एमआयडीसी, इथल्या ऑफिसातली बहुतेक पोरं-पोरी इंग्लिश प्रेझेंटेशनची तयारी एकाच पद्धतीने करतात. स्लाइड्स चकाचक करायच्या, भाषण पाठ करायचं, आरशासमोर दोनदा म्हणायचं. ते पार पडतंही. विकेट पडते ती नंतर, ‘एनी क्वेश्चन्स?’ म्हटल्यावर. कारण प्रश्न पाठ करता येत नाहीत.

एक उदाहरण घेऊ. समजा, सांगलीच्या एका हळद एक्स्पोर्ट कंपनीत साताऱ्याची एक मुलगी आहे. शाळा मराठी मीडियम, काम एकदम पक्कं. परदेशी ग्राहकासमोर तिला ऑनलाइन सांगायचंय, की यंदा ६२ टन पावडर तयार आहे आणि ऑर्डर सव्वा कोटीची आहे. स्लाइडवर आकडा दिसतोय तोवर सगळं ठीक. पण कुणी मध्येच विचारलं, ‘हाउ मच इज रेडी?’ तर ती पटकन म्हणेल, ‘ट्वेंटी सिक्स टन्स.’

असं का होतं? मराठीत आपण एकक आधी बोलतो. बासष्ट म्हणजे दोन आधी, साठ नंतर. इंग्लिशमध्ये बरोब्बर उलटं. घाईत डोक्यातला मराठी क्रम तसाच तोंडातून बाहेर पडतो आणि ३६ टनांचा घोटाळा होतो. ग्रामरची चूक समोरचा सोडून देतो, आकडा मात्र तो वहीत लिहून घेतो!

दुसरी गडबड सव्वा, दीड, अडीचची. या शब्दांना इंग्लिशमध्ये एका शब्दाचं उत्तर नाही आणि परदेशी माणसाला लाख-कोटी कळेलच असं नाही. एक मिलियन म्हणजे १० लाख, एक कोटी म्हणजे १० मिलियन. म्हणजे सव्वा कोटी झाले ‘ट्वेल्व्ह पॉइंट फाइव्ह मिलियन रुपीज’. हे गणित मीटिंगमध्ये उभ्या उभ्या करायचं नसतं. आदल्या दिवशी प्रेझेंटेशनमधले महत्त्वाचे सात-आठ आकडे एका कागदावर काढा आणि प्रत्येकापुढे तो इंग्लिशमध्ये कसा बोलायचा ते अक्षरात लिहा. मग मित्राला ते उलटसुलट क्रमाने विचारायला सांगा आणि तुम्ही बोललेला आकडा त्याला लिहून घ्यायला लावा. त्याच्या कागदावर ६२ च्या जागी २६ आलं, तर तो आकडा अजून कच्चा आहे. फंडा सोपा आहे, पण चूक हमखास पकडतो.

तिसरा सापळा जास्त बेरकी. ग्राहक विचारतो, ‘सो, यू हॅवन्ट टेस्टेड द सेकंड लॉट?’ आपल्याकडे ‘दुसरा लॉट तपासला नाही ना?’ असं विचारलं, की आपण ‘हो’ म्हणतो. म्हणजे तुमचं बरोबर, नाही तपासला. इंग्लिशमध्ये नुसतं ‘येस’ म्हटलं, की तो समजू शकतो तपासला म्हणून! लॉट रवाना झाल्यावर हे उघडकीला आलं तर काय होईल, विचार करा. म्हणून नकारार्थी प्रश्नाला येस-नो मधलं काहीच बोलायचं नाही. सरळ पूर्ण वाक्य टाकायचं: ‘वुई हॅव नॉट टेस्टेड इट येट. द रिपोर्ट विल कम ऑन मंडे.’

आता प्रश्नच कळला नाही तर? ‘पार्डन?’ म्हटलं, की समोरचा तेच वाक्य तेवढ्याच वेगात परत बोलतो. त्यापेक्षा जेवढं कळलं तेवढं त्याला परत सांगा: ‘आर यू आस्किंग अबाउट द प्राइस, ऑर द डिलिव्हरी डेट?’ आता त्याला दोनातलं एक निवडायचंय, त्यामुळे उत्तर छोटं येतं. ऑनलाइन असाल तर ‘कुड यू प्लीज टाइप इट इन द चॅट?’ म्हणायला अजिबात लाजू नका. वाचलेलं इंग्लिश आपल्याला ऐकलेल्यापेक्षा लवकर कळतं.

शेवटची तयारी फोनवर. नेहमी येणारे दहा प्रश्न मित्राला विचारायला सांगा, उत्तरं रेकॉर्ड करा आणि प्रत्येक उत्तराचं फक्त पहिलं वाक्य ऐका. त्यात उत्तर आहे का? ‘अ‍ॅक्च्युअली, व्हॉट हॅपन्ड इज...’ अशी सुरुवात असेल, तर तुम्ही गोष्ट सांगायला लागलाय. किंमत विचारली तर आधी किंमत, कारण नंतर. पहिल्या वाक्यात उत्तर आलं, की पुढचं इंग्लिश थोडं अडखळलं तरी चालतं.

अर्थात, माहितीच नसेल तर यातली एकही युक्ती वाचवणार नाही. तिथे ‘आय विल चेक अँड मेल यू बाय फाइव्ह’ म्हणायचं. आणि पाचच्या आत खरंच मेल टाकायचा.