आधी पाय दिसला पाहिजे

मूक विनोदी लघुपटाची संहिता म्हणजे संवाद गाळलेली एकांकिका, असा समज आपल्या संमेलनाच्या तालमींत पुष्कळदा ऐकू येतो. मला तो मान्य नाही. संवाद गेले की त्यांच्याबरोबर हशाही जातो. तो परत मिळवायचा तर प्रसंगाची मांडणीच निराळी करावी लागते.

ल्यूमिएर बंधूंचा १८९५ सालचा, एका मिनिटाहूनही छोटा चित्रपट पाहा. माळी नळीने बागेला पाणी घालतो आहे. मागून एक पोरगा येऊन नळीवर पाय देतो. पाणी थांबते. माळी नळीच्या तोंडात डोकावतो. पोरगा पाय उचलतो आणि फवारा माळ्याच्या तोंडावर उडतो.

यातला क्रम बदलून बघावा. माळी आधी डोकावला आणि पाय नंतर दिसला, तर प्रेक्षक हसण्याऐवजी कोड्यात पडतो. पाय आधी दिसला म्हणजे माळ्याला जे ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक असते, आणि फवारा उडण्यापूर्वीच हसू ओठांवर येते. त्यासाठी माळी, नळी आणि पोरगा तिघेही एकाच चौकटीत हवेत. नुसता माळ्याचा चेहरा जवळून दाखवला, तर उरतो फक्त एक भिजलेला माणूस. सुरुवातीला पाणी थोडा वेळ नीट वाहतानाही दिसायला हवे, नाहीतर ते थांबल्याचे कोणाच्या लक्षातच येणार नाही.

म्हणून संहितेत ‘पोरगा खट्याळ आहे’ किंवा ‘नळ बिघडला असे माळ्याला वाटते’ अशी वाक्ये लिहू नयेत. कॅमेऱ्याला स्वभावही दिसत नाही आणि वाटणेही दिसत नाही. ‘पाय ठेवतो’, ‘डोकावतो’ एवढेच त्याला दिसते.

यावर कोणी म्हणेल, अडले तर मध्ये अक्षरांची पाटी टाकावी. जुन्या मूकपटांत पाट्या होत्या, हे खरे. पण माझी आई शाळेत गेलेली नाही. पाटी आली की तिच्यापुरता पडदा कोरा होतो. हशा पाटीवर टांगलेला असेल, तर तिला आपण दाराबाहेरच उभे केले असे मी समजतो. बस्टर कीटनच्या १९२० सालच्या ‘वन वीक’मध्येही पाट्या आहेत, पण दिवस उलटल्याचे तो कॅलेंडरचे पान फाडून दाखवतो. ते पान फाटताना पाहिले की निरक्षर माणसालाही दिवस गेल्याचे कळते.

त्याच चित्रपटाच्या शेवटी नवराबायकोचे घर रुळांवर अडकते. समोरून गाडी येते. दोघे आशा सोडतात, आणि गाडी शेजारच्या रुळावरून निघून जाते. आपण सुटकेचा श्वास टाकतो, तोच उलट दिशेने दुसरी गाडी येऊन घराचा चुराडा करते. इथे फसतो तो प्रेक्षक. पण पहिली गाडी स्पष्ट दिसली नसती, तर दुसरीने कोणीच फसले नसते.

तेव्हा संहिता लिहून झाली की पाट्यांच्या ओळींवर काट मारावी आणि उरलेले एखाद्या न शिकलेल्या माणसाला सांगावे. तो जिथे ‘का?’ विचारील, तिथे आधीचे एक चित्र लिहायचे राहिले आहे.