वीस तासांचा हिशेब

वडखळ नाक्यावर आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या वडिलांचे दुकान आहे. मुलाला इंग्लंडमध्ये, लंडनबाहेरच्या एका विद्यापीठात, एक वर्षाच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. असरच्या नमाजनंतर ते कागदपत्रे घेऊन आमच्याकडे आले. म्हणाले, "सर, फीचे पैसे जमले. राहण्या-खाण्याची रक्कम बँकेत दाखवावी लागते, ती मेहुणे देतायत. व्हिसा झाला की परत करायची. पुढचा खर्च पोरगा काम करून काढेल. आठवड्याला वीस तास परवानगी आहे ना?"

परवानगी आहे. पण आम्ही वही उघडली आणि त्यांच्यासमोरच आकडे मांडले.

लंडनबाहेर शिकणाऱ्याने महिन्याला १,१७१ पौंड, याप्रमाणे नऊ महिन्यांचे १०,५३९ पौंड दाखवावेत, असा ब्रिटिश सरकारचा नोव्हेंबर २०२५ पासूनचा नियम आहे. ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते. पुढे नोकरी करून मिळणारा पगार यात धरत नाहीत. म्हणजे सरकारच्या मते राहण्याचा खर्च घरूनच आला पाहिजे.

आता कमाई पाहू. एप्रिल २०२६ पासून २१ वर्षे व त्यावरील कामगाराला तासाला किमान १२.७१ पौंड मिळतात. वीस तासांचे झाले २५४.२० पौंड. महिन्याची सरासरी काढली तर सुमारे १,१०० पौंड, तेही कपातीपूर्वीचे. एकही आठवडा न चुकता पूर्ण वीस तास राबले तरी १,१७१ पुरे होत नाहीत. शिवाय गेल्या-गेल्या काम मिळतेच असे नाही. मेहुण्यांची रक्कम परत गेली, तर पहिल्या महिन्याचे घरभाडे कोठून द्यायचे?

ते गप्प झाले. मग म्हणाले, "थोडे जास्त तास केले तर?"

इथेच पुष्कळ मुले अडकतात. हे वीस तास महिन्याच्या सरासरीने मोजत नाहीत. सोमवार ते रविवार हा एक आठवडा, आणि त्या प्रत्येक आठवड्याची मर्यादा वेगळी. मागच्या आठवड्यात दहाच तास केले म्हणून या आठवड्यात तीस करता येत नाहीत. दोन ठिकाणी काम असेल तर तासांची बेरीज होते. हॉटेलात चौदा आणि दुकानात आठ, म्हणजे बावीस झाले, मर्यादा मोडली. दोन्ही मालकांना मात्र आपापल्याकडचे तास नियमातच दिसतात. म्हणून हिशेब मुलानेच ठेवायचा. रविवारी रात्री सुरू होऊन सोमवारी पहाटे संपणाऱ्या पाळीचे तास मध्यरात्रीपाशी तोडून दोन आठवड्यांत लिहायचे. अ‍ॅपवरून घरोघरी जेवण पोहोचवण्याचे काम तर बहुधा स्वतंत्र व्यवसाय धरले जाते, आणि विद्यार्थी व्हिसावर त्याला एक तासाचीही मुभा नाही. मर्यादा मोडल्याचे उघड झाले तर व्हिसा रद्द होऊ शकतो, आणि पुढच्या व्हिसाच्या अर्जातही ते आडवे येते.

"उन्हाळ्याच्या सुट्टीत पूर्णवेळ काम चालते म्हणतात," ते म्हणाले. पदवीच्या मुलांना चालते. एम.एस्सी.वाल्यांचा उन्हाळा प्रबंध लिहिण्यात जातो, आणि विद्यापीठे तो सहसा सत्राचाच काळ धरतात. तेव्हाही वीसच तास. विद्यापीठाकडून सत्राच्या तारखांचे पत्र घेऊन मगच कामाचे दिवस ठरवावेत.

शेवटी अभ्यास. तिथली एम.एस्सी. १८० क्रेडिटची असते आणि एका क्रेडिटला साधारण दहा तासांचा अभ्यास धरतात. एकूण १,८०० तास. ४५ आठवड्यांत वाटले तर आठवड्याला चाळीस तास. त्यावर वीस तास काम म्हणजे साठ. जाणे-येणे, स्वयंपाक, कपडे धुणे वेगळेच. काम जास्त होत असल्याची पहिली खूण निकालात दिसत नाही. सकाळचा तास बुडू लागतो, निबंध शेवटच्या रात्री लिहिला जातो. वर्गातली गैरहजेरी वाढली तर विद्यापीठाला ते व्हिसा खात्याला कळवावे लागते.

आम्ही बारा तास सुचवले. दोन दिवस, सहा-सहा तास, परीक्षेच्या महिन्यात तेही नाहीत. त्यातून महिन्याला सुमारे ६६० पौंड येतील. किराणा, बसभाडे आणि भाड्याचा काही वाटा त्यात निघेल. बाकीचे घरून जायला हवेत.

दोन दिवसांनी ते मेहुण्यांना घेऊनच आले. रक्कम दाखवण्यापुरती न राहता कर्जे-हसना म्हणून वर्षभर मुलाकडेच राहील आणि तो नोकरीला लागल्यावर हप्त्याने फेडेल, असे ठरले. आम्ही ते कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. मुलाला एक लहान वही दिली. तिच्यात दर रविवारी रात्री त्या आठवड्याचे तास लिहायचे आणि पानाचा फोटो अब्बांना पाठवायचा.