‘पुढे जा’ दाबण्यापूर्वी

आगरदांड्याच्या जेटीवर दिघीची फेरीबोट यायला वेळ असला, की गाड्यांच्या रांगेत प्रत्येकाच्या हातात मोबाइल असतो. कुणी बिल भरतो, कुणी दिवेआगरला खोली शोधतो. अशाच एका दुपारी शेजारच्या गृहस्थांच्या फोनवर एका कार्यालयाचे संकेतस्थळ उघडेना. पडद्यावर इशारा होता: Your connection is not private. त्यांनी कार्यालयात फोन केला. उत्तर मिळाले, ‘‘काही नाही हो, Advanced वर जा आणि Proceed दाबा.’’ त्यांनी दाबले आणि आधार क्रमांक भरून मोकळे झाले.

माझ्या मते हा सल्ला संकेतस्थळ बंद असण्यापेक्षा वाईट आहे. का, ते समजायला पत्त्यातल्या https चे काम पाहावे लागेल.

जेटीवरून पाठवलेला आपला मजकूर मोबाइल टॉवर, कंपनीची यंत्रे, कधी चहाच्या टपरीवरचे वाय-फाय अशा अनेक हातांतून जातो. पत्ता नुसता http असेल, तर वाटेतला प्रत्येक जण तो वाचू शकतो आणि बदलूही शकतो. https मध्ये मजकूर निघण्याआधी फोन आणि पलीकडचा सर्व्हर एक गुप्त संख्या ठरवतात आणि तिच्या आधारे पुढचे सगळे कुलूपबंद करतात. या पहिल्या देवाणघेवाणीला ‘हँडशेक’ म्हणतात.

सगळे ऐकत असताना गुपित ठरवायचे कसे? लहान आकडे घेऊन पाहू. २ आणि ११ या संख्या सर्वांना माहीत आहेत. फोन मनात ४ धरतो, २ चा चौथा घात म्हणजे १६ काढतो, त्याला ११ ने भागतो आणि उरलेली बाकी ५ उघडपणे पाठवतो. सर्व्हर मनात ८ धरतो. २ चा आठवा घात २५६, त्याची बाकी ३. ती तो पाठवतो. आता फोन आलेल्या ३ चा चौथा घात काढतो: ८१, बाकी ४. सर्व्हर आलेल्या ५ चा आठवा घात काढून ११ ने भागतो. बाकी पुन्हा ४. दोघांना एकच संख्या मिळाली, पण ती वाटेवरून गेलीच नाही. ऐकणाऱ्याला फक्त ५ आणि ३ कळले. इतक्या लहान आकड्यांत तो चाचपडत उत्तर काढेल. प्रत्यक्षात संख्या इतक्या मोठ्या असतात, की आजच्या संगणकांना ते जमत नाही.

पण यात एक भोक राहते. आपण गुपित ठरवले ते नेमके कोणाशी? वाटेत बसलेला ठग आपल्याशी एक गुपित ठरवेल, खऱ्या सर्व्हरशी दुसरे, आणि मध्ये बसून सगळे वाचेल. ही जागा भरून काढते ते प्रमाणपत्र. त्यात संकेतस्थळाचे नाव, मुदत आणि त्याची सार्वजनिक किल्ली असते, आणि खाली एखाद्या प्रमाणन संस्थेची गणिती सही. अशा मूळ संस्थांची यादी फोनमध्ये किंवा ब्राउझरमध्ये आधीच बसवलेली असते. प्रमाणपत्र कुणीही नकलून घेऊ शकतो. म्हणून सर्व्हरला हँडशेकवर आपल्या खासगी किल्लीने सही करावी लागते, आणि ती किल्ली ठगाकडे नसते. नाव जुळले नाही, मुदत संपली किंवा सही ओळखीची नसली, की इशारा येतो. इशाऱ्याचा अर्थ एवढाच: पलीकडे कोण आहे याची खात्री मला देता येत नाही.

सही करणारी संस्थाच चुकली तर? हे आपल्याच देशात घडले आहे. जुलै २०१४ मध्ये गूगलच्या लक्षात आले, की त्यांच्या अनेक पत्त्यांसाठी त्यांना न विचारता प्रमाणपत्रे निघाली आहेत. ती दिली होती नॅशनल इन्फर्मेटिक्स सेंटरच्या, म्हणजे एनआयसीच्या, प्रमाणन विभागाने. एनआयसीवर सही होती भारत सरकारच्या प्रमाणन नियंत्रकांची, म्हणजे सीसीएची. आणि सीसीएचे मूळ प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टच्या विश्वासू यादीत होते. म्हणजे विंडोजवरच्या बहुतेक कार्यक्रमांना ही बनावट ओळख अस्सल वाटली असती. फायरफॉक्स स्वतःची यादी वापरतो. तिच्यात सीसीए नव्हते, म्हणून तो वाचला. सीसीएने एनआयसीची संबंधित प्रमाणपत्रे दुसऱ्याच दिवशी रद्द केली. चौकशीत एनआयसीची प्रमाणपत्रे देण्याची प्रक्रियाच फोडली गेल्याचे सांगण्यात आले. पुढे क्रोमने सीसीएचा अधिकार gov.in, nic.in यांसारख्या मोजक्या भारतीय पत्त्यांपुरता आकसून टाकला.

या धड्यांतून एक चांगली व्यवस्था पुढे आली. ३० एप्रिल २०१८ नंतर दिलेले प्रमाणपत्र सार्वजनिक नोंदवहीत चढलेले नसेल, तर क्रोम ते मानत नाही. आपल्या नावाने कुणी प्रमाणपत्र काढले का, हे कोणतीही संस्था तिथे पाहू शकते. केंद्र सरकारने २०२३ मध्ये स्वदेशी ब्राउझरची स्पर्धा जाहीर केली, त्यात सीसीएचे मूळ प्रमाणपत्र यादीत असावे अशी अपेक्षा होती. त्याला विरोध नाही, पण ब्राउझर देशी असला तरी नोंदवहीची सक्ती तितकीच कडक हवी. २०१४ ची चूक बाहेरच्यांनी पकडली. पुढची आपल्याला पकडता आली पाहिजे.

आता दुसरी तक्रार. ‘‘आमचे संकेतस्थळ https केले, तर त्यावरचे कॅलेंडर गायब झाले,’’ असे किनाऱ्यावर खोल्या भाड्याने देणारे सांगतात. पान https ने येते, पण त्यातले कॅलेंडर चालवणारी स्क्रिप्ट जुन्या http:// पत्त्यावरून मागवलेली असते. याला मिश्र मजकूर म्हणतात. ती स्क्रिप्ट उघड्यावरून येत असल्याने वाटेतला कुणीही ती बदलू शकतो. आणि स्क्रिप्ट म्हणजे चित्र नव्हे. पानात शिरली, की ती आपण टाइप केलेला पिन वाचू शकते, पैसे जाण्याचे खाते बदलू शकते. तिजोरी बंद करून खिडकी उघडी ठेवण्यासारखे हे आहे, म्हणून ब्राउझर अशी स्क्रिप्ट थेट अडवतो. चित्र तो आधी https ने मागून पाहतो, नाही मिळाले तर सोडून देतो. संगणकावर F12 दाबून Console उघडले, की Mixed Content या शब्दांनी सुरू होणारी ओळ नेमका दोषी पत्ता दाखवते. बहुतेकदा तो पत्ता http चा https केला की काम भागते. ब्राउझरला दोष देण्यासारखे त्यात काही नाही.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी. https एवढेच सांगते, की आपण पत्त्यात लिहिलेल्या नावाशीच बोलतो आहोत आणि मध्ये कुणी ऐकत नाही. ते नाव सज्जनाचे आहे की नाही, हे ते सांगत नाही. बँकेसारखे दिसणारे नाव विकत घेऊन ठगही त्यावर फुकट प्रमाणपत्र मिळवतो. कुलपाच्या चिन्हाने लोकांची हीच गफलत होत होती, म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते पत्त्याच्या पट्टीतून काढले. नाव अक्षर न् अक्षर वाचणे हे आपलेच काम आहे.

म्हणून त्या कार्यालयाला माझे म्हणणे असे: मुदत संपलेल्या प्रमाणपत्राचे नूतनीकरण आपोआप करणारी साधने फुकट मिळतात, ती लावा. तोवर लोकांना ‘उद्या या’ सांगा, पण ‘पुढे जा’ दाबायला सांगू नका. एकदा ती सवय लागली, की खरा ठग मध्ये बसेल त्या दिवशीही माणूस तेच बटण दाबेल. आणि आपण? इशारा दिसला तर पान बंद करावे, मोबाइल डेटावरून पुन्हा पाहावे, तरीही आला तर काही भरू नये. दिघीची बोट चुकली तर पुढची मिळते. खात्यातून गेलेले पैसे क्वचितच परत येतात.