थंडीतली खाज आणि साबण

थंडी पडली की पेठसारख्या डोंगराळ भागात अनेकांच्या नडग्यांवर पांढरे पापुद्रे येतात, खाज सुटते. मग घरात कडुनिंबाचा साबण येतो. माझ्या मते इथेच चूक होते.

एक गृहिणी पंधरा दिवस दिवसातून दोनदा, तेही कढत पाण्याने, या साबणाने अंघोळ करीत होत्या. खाज वाढतच गेली. त्यांची खाज जंतूंची नव्हती, कोरडेपणाची होती. कडुनिंब घातला तरी साबण तो साबणच! साध्या साबणासारखाच तो क्षारधर्मी असतो आणि त्वचेचे तेल धुऊन नेतो.

साबण तयार होताना तेलातून ग्लिसरीन आपोआप सुटते. मोठ्या कारखान्यांत ते बहुतेक काढून घेतात. पारदर्शक साबणात ते मुद्दाम घालतात. ते पाणी धरून ठेवते, म्हणून अंग कमी ओढल्यासारखे वाटते. हा साबण लवकर विरघळतो, एवढीच अडचण. घरगुती साबणात ग्लिसरीन टिकते, पण कॉस्टिक सोडा जास्त पडला असेल तर अंग चरचरते. तसे झाल्यास तो वापरू नये.

त्या बाईंना ग्लिसरीनचा साबण फक्त काखा, जांघा व पावलांना लावायला सांगितला. पाणी कोमट, अंघोळ एकदाच आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल. दोन आठवड्यांत पापुद्रे गेले.

मात्र रात्री खाज वाढत असेल आणि घरातल्या इतरांनाही सुटली असेल, तर ती खरूज असू शकते. तिथे कोणताच साबण चालत नाही, डॉक्टरांकडेच जावे.